पडद्यामागून : सिंह सांगून ओरडतो

गेल्या महिन्यात एक जाडजूड पाकीट आलं. आत दोन पानी पत्र आणि वहीच्या कागदांवर लिहिलेलं एक नाटुकलं. पत्र लिहिणारी सातवीत आहे. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. तिच्या पत्रातला महत्त्वाचा भाग तेवढा सांगतो.

"दादा, आमच्या स्नेहसंमेलनात आम्ही 'सिंह आणि ससा' करणार आहोत. नाटक मीच लिहिलंय. पण माझा धाकटा भाऊ ते बघायला येणार नाही. तो सहा वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. गेल्या वर्षी नाटकात कुणीतरी विंगेत पत्रा वाजवला, तर तो कानांवर हात ठेवून ओरडत बाहेर पळाला. सगळे हसले. आई म्हणाली, आता परत नेणार नाही त्याला. मी काय करू? सगळे आवाज काढून टाकले तर तो येईल का? मी एक प्रयत्न केलाय, सोबत पाठवते. पण ते फारच मिळमिळीत झालंय."

खरंच मिळमिळीत झालं होतं! तिच्या सिंहाला राग आला की तो म्हणायचा, "मला फार राग आला आहे." आणि शेवटी विहिरीत डोकावून म्हणायचा, "अरे, इथे दुसरा सिंह दिसतोय." बस्स. आता गोष्ट आठवा. पंचतंत्रातला तो ससा सिंहाला फसवतो कशाच्या जोरावर? पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या आणि विहिरीतून परत आलेल्या डरकाळीच्या. डरकाळीच नाही तर प्रतिध्वनी कुठला, आणि प्रतिध्वनी नाही तर सशाची अक्कल दिसणार कशी?

मग मी तिला उलट टपाली एकच प्रश्न विचारला. भावाला सिंह आवडतो का? उत्तर आलं : "घरी दिवसभर तोच सिंह असतो. एवढ्या मोठ्यांदा ओरडतो की शेजारच्या आजी भिंतीवर ठोकतात."

म्हणजे बघा, डरकाळीशी त्याचं भांडण नव्हतंच. स्वतः ओरडताना ती कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. पत्रा मात्र न सांगता वाजला होता.

दचकणं ही काय चीज आहे, ते थोडं समजून घेऊ. सुतळी बॉम्ब फुटला की आपण सगळेच दचकतो. पापणी मिटते, खांदे वर जातात, मान आत ओढली जाते. पापणी तर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात मिटते. तेवढ्या वेळात 'हा बॉम्ब आहे' हा विचारसुद्धा पुरा होत नाही. म्हणून 'घाबरू नकोस' असं सांगून दचकणं थांबत नाही. दुसरं म्हणजे, शरीर नुसत्या मोठ्या आवाजाला दचकत नाही, तर आवाज किती झटकन चढला यालाही दचकतं. लांबून वाजत आलेला ढोलताशा अगदी दाराशी येईपर्यंत कितीतरी मोठा होतो, पण आपण दचकत नाही. स्टीलचा डबा फरशीवर पडला की मात्र उडतो.

काही मुलांना हे दचकणं फार जोरात येतं आणि ओसरायला फार वेळ लागतो. स्वमग्न मुलांमध्ये हे पुष्कळदा दिसतं, पण फक्त त्यांच्यातच असं नाही. कुणाला अर्धशिशी असते, कुणाचे कानच नाजूक असतात, कुणी नुकतंच एखाद्या अपघातातून सावरलेलं असतं. (पालकांसाठी एक वाक्य कंसात : हे लाडावलेपण नव्हे, आणि 'सवय होईल' म्हणून मुद्दाम फटाक्याजवळ उभं करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.) शिवाय एकदा असा दणका बसला की ते मूल पुढचं नाटक बघतच नाही. ते पुढच्या दणक्याची वाट बघत बसतं.

तेव्हा आपलं काम ठरलं. आवाज पुसायचे नाहीत. 'आता कधीही काहीही होईल' ही धास्ती संहितेतून काढायची.

मी तिला सांगितलं, आधी मूळ नाटक घे, ते मिळमिळीत नको. एक लाल पेन्सिल घे आणि जिथे जिथे आवाज आहे तिथे गोल कर. तिच्या अठरा मिनिटांच्या नाटकात बारा गोल निघाले. सुरुवातीची घंटा, प्रवेश बदलताना तीनदा झांज, एकदा विजेचा पत्रा, सिंहाच्या चार डरकाळ्या, विहिरीतला प्रतिध्वनी, पाण्यात पडल्याचा 'धप्प' आणि शेवटी सगळ्या प्राण्यांनी आनंदाने फोडलेले फुगे.

आता प्रत्येक गोलाला दोन प्रश्न विचारायचे. हा आवाज नसेल तर गोष्ट अडते का? आणि आवाज करणारा माणूस प्रेक्षकांना आधी दिसतो का?

पत्रा पहिल्याच प्रश्नात बाद झाला. गोष्टीत पाऊसच नाही, तर वीज कशाला? "मागच्या वर्षीच्या नाटकात होती म्हणून," असं तिने प्रामाणिकपणे कळवलं! फुगेही गेले. फुगा हा या बाबतीत सगळ्यांत वाईट. तो नुसता दिसला तरी काही मुलं तो फुटायची वाट बघत कानावर हात ठेवतात. म्हणून सजावटीतसुद्धा फुगे नकोत. फुग्यांऐवजी प्राण्यांनी रंगीत ओढण्या हलवायच्या ठरल्या. तिन्ही झांजा गेल्या. त्यांच्या जागी काय आलं, ते पुढे सांगतो.

घंटेबद्दल मात्र मी अडून बसलो. नाटकाच्या तीन घंटा म्हणजे आपल्याकडे केवढी सोय आहे! पहिली, दुसरी आणि तिसरी झाली की पडदा. याहून चांगली पूर्वसूचना कुठली? फक्त ती विंगेत लपून बडवायची नाही. सूत्रधाराने पडद्यापुढे यायचं, पूजेतली लहान घंटा सगळ्यांना दाखवायची, "ही पहिली" म्हणायचं आणि हलकेच वाजवायची. मग दुसरी, मग तिसरी, तशाच. तिसरीनंतर पडदा उघडतो हे मुलाला पहिल्या मिनिटात कळतं, आणि सूत्रधार जे म्हणतो तेच घडतं हेही कळतं. पुढचं सगळं नाटक या विश्वासावर उभं आहे.

आता डरकाळी. तिच्या मूळ संहितेत असं होतं :

(रंगमंचावर काळोख. अचानक विंगेतून माइकवर सिंहाची भयंकर डरकाळी. हरीण किंचाळते. सिंह उडी मारून प्रवेश करतो.)

या दोन ओळींत किती गोष्टी एकदम कोसळतात बघा. काळोख आहे, ओरडणारा दिसत नाही, आवाज माइकवर आहे, त्यावर हरिणाची किंकाळी आहे आणि वर उडी! खूप टाळ्या मिळतील, कबूल. पण आपला सहा वर्षांचा प्रेक्षक इथेच दाराबाहेर गेला.

तिच्याकडून दोनदा फिरवून घेतल्यावर तेच असं झालं :

(उजेड आहे. सिंह गुहेत झोपलेला दिसतो. सूत्रधार पिवळा पुठ्ठा उंच धरतो.)
सूत्रधार : सिंह जागा झाला. आता तो डरकाळी फोडणार.
(सिंह उठतो. आयाळ झटकतो. दोन्ही पंजे तोंडाजवळ नेतो. आधी बारीक गुरगुर, ती वाढत वाढत डरकाळी होते आणि उतरते. पुठ्ठा खाली.)
सूत्रधार : झाली डरकाळी.
(हरीण थरथरते. बोलत नाही.)

चारही डरकाळ्या तंतोतंत अशाच. आधी पुठ्ठा, मग उठणं, आयाळ, पंजे, गुरगुर, मग डरकाळी आणि शेवटी पुठ्ठा खाली. सिंह झालेल्या मुलाला बजावलं, की रंगात येऊन मधली एकही पायरी गाळायची नाही. दुसऱ्या डरकाळीपर्यंत छोटा प्रेक्षक हा क्रम शिकतो. आयाळ हलली की हवं तर कान झाकतो, नाहीतर स्वतःच गुरगुरायला लागतो.

गुरगुर आधी ठेवण्याचं कारण मघाचंच, आवाज झटकन चढता कामा नये. आणि माइक काढून टाकला. शाळेच्या सभागृहात सातवीतल्या मुलाची डरकाळी विनामाइक शेवटच्या रांगेपर्यंत जाते, विश्वास ठेवा.

पुठ्ठा किती आधी वर करायचा, यावर तालमीत बराच खल झाला. पहिल्या तालमीत सूत्रधार झालेल्या मुलीने तो सिंह उठायच्याही बऱ्याच आधी वर केला. सगळे बिचारे श्वास रोखून बसले! सूचना फार लवकर दिली तर ती सूचना राहत नाही, टांगती तलवार होते. अगदी आयत्या वेळी दिली तर कान झाकायलाही वेळ मिळत नाही. शेवटी मनातल्या मनात तीन आकडे मोजून डरकाळी, असं जमलं. आणि एक नियम पक्का केला, पुठ्ठा वर गेला की डरकाळी यायलाच हवी. पुठ्ठा दाखवून आवाज केलाच नाही, असं गमतीत एकदा जरी केलं, तरी त्या पुठ्ठ्याची किंमत शून्य.

विहिरीजवळ मोठी पंचाईत होती, कारण तिथे एकाला लागून एक असे तीन आवाज होते. डरकाळी, प्रतिध्वनी आणि धप्प. प्रतिध्वनी तिने आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून मोठ्या स्पीकरवर वाजवायचं योजलं होतं. रेकॉर्ड केलेला आवाज एका बटणासरशी पूर्ण जोरात सुरू होतो, म्हणून तो नको म्हटलं. त्याऐवजी विहिरीमागे बसलेल्या चार प्राण्यांनी, प्रेक्षकांना दिसतील असे बसून, सिंहाची डरकाळी त्याच्याहून हळू परत म्हणायची. खरा प्रतिध्वनीही मूळ आवाजाहून हळूच असतो, त्यामुळे यात काही खोटेपणा नाही. धप्पऐवजी दोघांनी निळी साडी हवेत उंच उडवून सावकाश खाली सोडायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "डुबुक." तालमीत या 'डुबुक'लाच सर्वांत जास्त हशा आला.

हे झालं आवाजाचं. पण नुसते आवाज सुधारून भागत नाही. नाटक कुठवर आलं, अजून किती उरलं, हे कळत नसेल तरी जीव टांगणीला लागतो. इथे अमेरिकेतल्या एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. फ्रेड रॉजर्स हे त्याचं नाव. लहान मुलांसाठीचा त्याचा दूरदर्शन कार्यक्रम 1968 ते 2001 अशी तेहतीस वर्षं तिकडे देशभर दिसत होता. दर भागाची सुरुवात ठरलेली. तो गाणं म्हणत घरात येणार, कोट काढून स्वेटर घालणार, बूट बदलणार, मग बोलायला लागणार. निघतानाही तेच, उलट क्रमाने. मोठ्यांना कंटाळवाणं वाटेल, पण त्या दाराआड काय आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असायचं.

त्याचा शब्दांवरही फार कटाक्ष. एका भागात रक्तदाब मोजणारी नर्स दंडावरचा पट्टा फुगवताना म्हणते, मी हा 'ब्लो अप' करते. इंग्रजीत याचा अर्थ फुगवणं होतो, तसाच स्फोट करणं असाही होतो. लहान मूल स्फोट समजेल आणि कान झाकून बसेल, म्हणून रॉजर्सने ते वाक्य बदलून 'यात हवा भरते' अशा अर्थाचं करून घेतलं. हे वाचल्यावर आमच्या लेखिकेने आपली वही पुन्हा चाळली. तिच्या सिंहाच्या तोंडी होतं, "आता बघ कसा धमाका करतो!" धमाका काही होणारच नव्हता, पण ऐकणाऱ्याला काय माहीत? वाक्य झालं, "आता बघ, मी तुला खाऊन टाकतो!" आपल्याला आवाजाची सूचना सांभाळायची होती. सिंहाचा दरारा कमी करायचा नव्हता.

ठरलेला क्रम तर पंचतंत्राने आयताच दिला होता. रोज एका प्राण्याची पाळी. झांजेऐवजी आम्ही तो क्रमच वापरला. मंचाच्या कडेला एका दोरीवर पाच चित्रं लावली. हरीण, डुक्कर, ससा, विहीर आणि ओढण्या हलवणारे प्राणी. प्रवेश संपला की सूत्रधार ते चित्र काढून टोपलीत टाकते आणि म्हणते, "एक दिवस संपला." दोरीवर अजून किती चित्रं उरली ते कुणालाही दिसतं. हीच पाच चित्रं एका कागदावर काढून, खाली एकेक ओळ लिहून, पिवळ्या पुठ्ठ्याचंही चित्र काढून, तिने आठवडाभर आधी भावाच्या हातात दिली. शेवट आधीच सांगितला तर मजा जाणार नाही का, असं तिच्या मैत्रिणींना वाटलं. आजीकडून तीच गोष्ट शंभरदा ऐकताना गेली होती का मजा?

इथे एक गंमत लक्षात आली. पहिले दोन दिवस अगदी एकसारखे झाल्यामुळे तिसऱ्या दिवशी ससा वेळेवर येत नाही, हे न सांगता सगळ्यांना जाणवतं. पुठ्ठा नाही, आवाज नाही, सिंह नुसता वाट बघत बसलाय. मूळ नाटकात हा प्रवेश कुणाच्या लक्षातही राहिला नसता. आता तोच सगळ्यांत रंगतो.

संथपणाचं मात्र आधी चुकलं. 'सावकाश' म्हटल्यावर सगळ्यांनी शब्दच ताणायला सुरुवात केली. "म-हा-रा-ज, मी-ई आलो." ऐकवेना! संथ म्हणजे शब्द ताणणं नव्हे. बोलायचं नेहमीसारखं, पण एका वेळी एकच गोष्ट घडू द्यायची. कुणी चालत असेल तर तेव्हा कुणी बोलायचं नाही. बोलणं चालू असताना पेटी वाजवायची नाही. एक कृती संपली की मनात दोन मोजून दुसरी. एवढ्यानं अठरा मिनिटांचं नाटक चोवीस मिनिटांवर गेलं आणि बाई वैतागल्या, कारण वेळ वीसच मिनिटं मिळाली होती. मग माकड आणि कोल्हा हे दोन दिवस कापावे लागले. माकड झालेला मुलगा रुसला होता, तो विहिरीमागचा प्रतिध्वनी झाला.

नाटक बरोबर झालं की नाही, हे ओळखायचं कसं? एक सोपी परीक्षा सांगतो. संहिता न वाचलेल्या दोघातिघांना तालमीला बसवा आणि नाटक न बघता त्यांच्या खांद्यांकडे बघा. खांदा जिथे उडाला, तिथे लाल गोल. या तालमीत खांदे उडाले ते भलत्याच ठिकाणी, सिंहाने काठी लाकडी मंचावर आपटली तेव्हा. ती संहितेत नव्हतीच! काठी गेली.

आणि सभागृह? न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर 2011 मध्ये 'द लायन किंग' या प्रचंड मोठ्या संगीत नाटकाचा एक खास प्रयोग स्वमग्न मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी झाला. नाटक तेच, फक्त दणकेबाज आवाज आणि डोळ्यांवर येणारे दिवे सौम्य केले होते. प्रेक्षकांनी मध्येच उठायला, बोलायला पूर्ण मोकळीक होती, आणि बाहेर शांत बसायला जागा होती. आमच्याकडे त्यातलं जमेल तेवढं केलं. सभागृहातले मागचे दिवे चालू, मागचं दार उघडं, आणि शेजारचा सहावीचा वर्ग सतरंजी घालून रिकामा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, हे सूत्रधाराने सुरुवातीलाच सगळ्यांकडून एकदा करवून घ्यायचं.

परवा तिचं दुसरं पत्र आलं. सगळं नीट झालं असं नाही. नाटकाआधी कुणीतरी माइकवर बोटं आपटत "हॅलो, हॅलो, चेक" सुरू केलं आणि माइकने कर्कश शिट्टी मारली. ती कुणाच्याच संहितेत नव्हती. भाऊ आईला घेऊन सहावीच्या वर्गात गेला. पहिल्या दोन घंटा त्याने तिथूनच ऐकल्या. तिसरीला तो दारात येऊन उभा राहिला. हरणाच्या डरकाळीला कान झाकले, डुकराच्या वेळी एकच कान. सशाच्या प्रवेशाला तो आईच्या मांडीवर होता, आणि विहिरीच्या वेळी सिंहाआधीच त्याने गुरगुरायला सुरुवात केली. 'डुबुक' झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झालाच, कारण मागच्या रांगेतल्या काकालोकांना हात हलवायची सूचना आठवली नाही. तो पुन्हा बाहेर गेला. पाचवं चित्र त्याने पाहिलं नाही. घरी आल्यावर बहिणीने त्याला ओढणी हलवून तेवढं करून दाखवलं.

पिवळा पुठ्ठा त्याने मागून घेतलाय. तो आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. मिक्सर लावायच्या आधी आईने तो उंच धरायचा आणि तीन मोजायचे. परवा आई विसरली, तर म्हणे त्याने मिक्सरचं बटण स्वतः बंद केलं, पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला, आणि पंजे तोंडाजवळ नेऊन वाट बघत उभा राहिला.